चारच्या खाली रेघ कुठून आली?

गेल्या सत्रात एका प्रॅक्टिकलला टेबलावर शून्य ते नऊ मोजणारं सर्किट चालू होतं. शून्य, एक, दोन, तीन व्यवस्थित उमटले. चार आला तो खाली रेघ ओढून. पाच, सहा ठीक. सातलाही खाली रेघ. आठ, नऊ पुन्हा ठीक. "सर, आयसी जळालाय बहुतेक," बॅचमधला एक जण म्हणाला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला कुठलंही सर्किट चाललं नाही की पहिला संशय आयसीवरच जातो. पण नेमका चार आणि सात ओळखून तेवढीच चूक करणारा आयसी मी आजवर पाहिलेला नाही. मी म्हटलं, "आयसी राहू दे. जर्नल दाखव."

चूक जर्नलात होती, आणि तीही आकडेमोडीत नाही. सोळा घरांचा तक्ता त्याने बिनचूक भरला होता, गोल नीट काढले होते. चुकलं होतं ते तक्त्याच्या वरच्या कडेला लिहिलेल्या चार जोड्यांमध्ये. तिथे हवं होतं ००, ०१, ११, १०. त्याने लिहिलं होतं ००, ०१, १०, ११. शेवटच्या दोन जोड्यांची अदलाबदल, एवढंच. हा तक्ता म्हणजे कार्नॉ मॅप, पोरांच्या तोंडी के-मॅप, आणि त्याची सगळी करामत त्या कडेच्या क्रमात आहे.

आधी सर्किटाबद्दल थोडं. लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा दिसतो किंवा किराणा दुकानाच्या काट्यावर वजन दिसतं, तो आकडा सात छोट्या पट्ट्यांचा असतो. तीन आडव्या, चार उभ्या. सगळ्या पेटल्या की आठ दिसतो, मधली विझली की शून्य. आत आकडा चार तारांवरून येतो. त्यांना आपण A, B, C, D म्हणू. A पेटली की आठ, B म्हणजे चार, C म्हणजे दोन आणि D म्हणजे एक. सहा हवा असेल तर B आणि C चालू, बाकी बंद, म्हणजे ०११०. आता प्रत्येक पट्टीला स्वतःपुरता एक प्रश्न सोडवायचा असतो: या चार तारा अशा असताना मी पेटू की नको? प्रयोगात प्रत्येक बॅचला एकच पट्टी स्वतःच्या गेटांनी चालवायला दिली होती, बाकीच्या सहा पट्ट्या तयार डीकोडरवर होत्या. रेघवाल्या बॅचच्या वाट्याला तळाची आडवी पट्टी आली होती.

तिच्याकडे नंतर येऊ. पद्धत समजायला डाव्या बाजूची खालची उभी पट्टी सोयीची आहे. डेटाशीटमध्ये तिला e म्हणतात. ती पेटते फक्त चार आकड्यांना: ०, २, ६ आणि ८. कागदावर सात पट्ट्यांचं चित्र काढून एकेक आकडा रंगवला की खात्री पटते.

सराव सुरू होतो तो कोऱ्या सत्यता सारणीवर, म्हणजे ट्रुथ टेबलवर. सोळा ओळी, डावीकडे A, B, C, D चे चार रकाने आणि उजवीकडे उत्तराचा एक. मी जी झेरॉक्स वाटतो तिच्यात डावे रकानेही कोरे असतात. ते ओळीओळीने भरू नयेत, उभे भरावेत. D च्या रकान्यात ०, १, ०, १ असं तळापर्यंत. C मध्ये दोन शून्यं, दोन एक. B मध्ये चार-चार. A मध्ये आठ शून्यं आणि मग आठ एक. असं भरलं की एखादी ओळ गळाली तर लगेच कळतं, कारण कुठल्या तरी रकान्याचा ठेका चुकतो. ओळीओळीने भरणाऱ्याची नवव्या-दहाव्या ओळीत एखादी ओळ हमखास दोनदा येते आणि पुढचं सगळं एका ओळीने सरकतं.

उत्तराच्या रकान्यात ०, २, ६ आणि ८ समोर १, आणि उरलेल्या सहा आकड्यांसमोर ०. मग दहा ते पंधरा या ओळींचं काय? एका खिडकीत दहाचा आकडा मावत नाही, त्यामुळे त्या सहा ओळी सर्किटापर्यंत कधी येणारच नाहीत असं आपण धरून चालतो. तिथे X लिहायचा. इंग्रजीत याला डोन्ट केअर म्हणतात. आमच्याकडे पोरं म्हणतात, "सर, इथे काहीही चालतंय." अगदी बरोबर. हे 'काहीही चालतंय' पुढे फार उपयोगी पडतं.

आता सारणीवरून थेट समीकरण लिहिता येतं. बूलियन बीजगणितात शेजारी शेजारी लिहिलेली अक्षरं म्हणजे 'आणि', अधिकचं चिन्ह म्हणजे 'किंवा', आणि एखादी तार बंद असायला हवी असेल तर तिच्या डोक्यावर रेघ. वर्गात आम्ही 'बी बार' म्हणतो, इथे छापायला सोपं म्हणून B' लिहितो. ज्या चार ओळींत १ आहे त्या चार ओळी जशाच्या तशा उतरवल्या तर:

```
e = A'B'C'D' + A'B'CD' + A'BCD' + AB'C'D'
```

हे बरोबर आहे, पण बांधायला महाग आहे. उलट करणारी चार गेटं, चार तारांचे चार 'अँड' आणि मग ते सगळे एकत्र करायला 'ऑर'. बाजारातल्या साध्या आयसींनी करायचं तर एक ७४०४, दोन ७४२१, एक ७४३२. एका पट्टीला चार आयसी, आणि पट्ट्या सात.

सोपं कुठे करता येईल ते पाहू. मधली दोन पदं, २ ची आणि ६ ची, शेजारी ठेवा: A'B'CD' आणि A'BCD'. फरक फक्त B चा. एकात B बंद, दुसऱ्यात चालू, बाकी तिन्ही अक्षरं तीच. म्हणजे B काहीही असला तरी पट्टी पेटणारच, मग त्याला विचारायचंच कशाला? आमच्या गावचा बाजार पाऊस असला तरी शनिवारी भरतो आणि नसला तरी शनिवारी भरतो. बाजार कधी, असं कुणी विचारलं तर कुणी पावसाचं नाव काढत नाही. तसं B गळतं आणि उरतं A'CD'. सगळं सुलभीकरण या एका गोष्टीवर चालतं: दोन पदांत नेमक्या एकाच अक्षराचा फरक असेल तर ते अक्षर गळतं. दोन अक्षरांचा फरक असेल तर काहीच गळत नाही.

अडचण असते ती अशा जोड्या शोधण्याची. समीकरण कागदावर एका रांगेत पडलेलं असतं, आणि पहिल्या पदाची जोडी शेवटच्या पदाशी जुळते हे डोळ्याला दिसत नाही. हुशार पोरगं सुद्धा नियम लावत लावत पान भरतं आणि शेवटी मूळ समीकरणापाशी परत येतं. के-मॅपचं काम एवढंच: ज्या दोन ओळींत एकाच अक्षराचा फरक आहे त्यांची घरं कागदावर एकमेकांना चिकटून यावीत. मग शोधायचं डोक्याने नाही, डोळ्यांनी.

त्यासाठी चार गुणिले चारची चौकट. डाव्या कडेला A आणि B च्या जोड्या, वर C आणि D च्या. क्रम मात्र मोजणीचा नाही. ०१ नंतर मोजणीत १० येतो, पण ०१ वरून १० वर जाताना दोन्ही आकडे बदलतात. म्हणून मध्ये ११ घ्यायचा: ००, ०१, ११, १०. आता प्रत्येक पायरीला एकच आकडा बदलतो, आणि शेवटच्या १० वरून पुन्हा पहिल्या ०० वर येतानाही एकच. e ची चौकट अशी भरते:

```
AB\CD  ००  ०१  ११  १०
००      १   ०   ०   १
०१      ०   ०   ०   १
११      X   X   X   X
१०      १   ०   X   X
```

भरताना हमखास घसरायची जागा म्हणजे तिसरी ओळ. सारणीवरून आकडे उतरवताना हात सवयीने ०, १, २, ३ असा सरळ जातो, पण चौकटीत क्रम ०, १, ३, २ असा आहे. आणि आठ ते अकराची ओळ तिसरी नाही, चौथी आहे. तिसऱ्या ओळीत बारा ते पंधरा बसतात. सुरुवातीचे आठ-दहा मॅप होईपर्यंत मी प्रत्येक घराच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक घरक्रमांक लिहायला लावतो. नंतर त्याची गरज उरत नाही.

आता १ ची घरं गोलात घ्यायची. गोल चौकोनी हवा आणि त्यात एक, दोन, चार, आठ अशीच घरं हवीत. तीन किंवा सहा घरांचा गोल नाही. जितका मोठा गोल तितकी जास्त अक्षरं गळतात, आणि गोल जितके कमी तितकी गेटं कमी. X गोलात घेतला तर चालतो, सोडला तरी चालतो. ० मात्र कधीच घ्यायचा नाही.

सुरुवात कुठून करायची, इथे पोरं चुकतात. समोर दिसेल तो गोल काढत सुटतात. त्यापेक्षा सगळ्यात एकटं पडलेलं घर आधी घ्यावं. सहाच्या घराचे चार शेजारी पाहा: चार, सात, दोन आणि चौदा. चार आणि सात शून्य आहेत, म्हणजे वाट फक्त वर दोनकडे आणि खाली चौदाकडे. उजवीकडचा अख्खा उभा स्तंभ एका गोलात येतो: दोन, सहा, चौदा, दहा. त्यातली दोन घरं X ची आहेत, फुकट मिळालेली. त्या स्तंभात C कायम चालू, D कायम बंद, A आणि B बदलतात. उरलं CD'.

दुसरं एकटं घर शून्याचं, वरच्या डाव्या कोपऱ्यातलं. त्याचे शेजारी कोण? उजवीकडे एक, खाली चार, दोन्ही शून्य. मग तेही एकटंच? नाही. चौकटीची डावी कड उजव्या कडेला चिकटलेली आहे आणि वरची कड खालच्या कडेला, कारण तिथेही एकाच आकड्याचा फरक आहे. वर्गात मी खिशातला रुमाल काढतो, त्यावर भाजी ठेवल्यासारखं करतो आणि चारही टोकं एका मुठीत धरतो. टोकं एकत्र येतात. चौकटीचे चारही कोपरे तसेच एकमेकांचे शेजारी आहेत: शून्य, दोन, आठ आणि दहा. तीन १ आणि एक X. चार घरांचा पूर्ण गोल, फक्त कागदावर तो चार तुकड्यांत दिसतो. कोपऱ्यांत B कायम बंद, D कायम बंद. उरलं B'D'.

सगळे १ झाकले गेले, आता थांबायचं. न थांबणं हीही एक नेहमीची चूक आहे. आठच्या घराला धरून आठ, दहा, बारा, चौदा असा आणखी एक चौघांचा गोल दिसतो आणि तो नियमात बसतोही. पण आठ आधीच कोपऱ्यांच्या गोलात आलेला आहे आणि बाकी तिन्ही X आहेत. तो गोल काढला तर उत्तर चुकणार नाही, फक्त एक गेट वाया जाईल. X जमा करून बक्षीस मिळत नाही.

```
e = B'D' + CD' = D'(B' + C)
```

सोळा अक्षरांची तीन झाली. हे उत्तर वाचूनही पाहा, कारण ते काहीतरी सांगतं. D बंद म्हणजे सम आकडा. कंसात म्हटलंय, B बंद असावा किंवा C चालू असावा. ज्याला हे जमत नाही असा सम आकडा कोणता? ज्यात B चालू आणि C बंद आहे तो, म्हणजे ०१००, चार. म्हणजे अख्खं समीकरण एवढंच म्हणतंय: सम आकडे, चार सोडून. ०, २, ६, ८. सोळा ओळींच्या सारणीत हे लपलेलं होतं, आणि गोल काढेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पहिल्यांदा माझ्याही नाही.

आता त्या रेघवाल्या बॅचकडे. तळाची पट्टी ०, २, ३, ५, ६, ८, ९ ला पेटवायची होती. नऊचा प्रश्न खरं म्हणजे सारणी भरण्याआधीच सोडवायचा असतो, कारण नऊला खालची शेपटी द्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. जुना ७४४७ आयसी सहाला वरची आणि नऊला खालची पट्टी देत नाही. आम्ही शेपटीवाला नऊ घेतला होता. त्यांच्या जर्नलातली चौकट अशी होती:

```
AB\CD  ००  ०१  १०  ११
००      १   ०   १   १
०१      ०   १   १   ०
११      X   X   X   X
१०      १   १   X   X
```

मधल्या दोन स्तंभांत पाच आणि सहाचे १ शेजारी शेजारी, आणि त्यांच्या खाली दोन X. झकास चौकोनी गोल. काढला. मग त्यात काय कायम आहे ते पाहिलं: A बदलतो, C बदलतो, D बदलतो, B तेवढा कायम. म्हणून लिहिलं B. पण पाच म्हणजे ०१०१ आणि सहा म्हणजे ०११०. दोन आकडे वेगळे आहेत. ते शेजारी नाहीतच, चुकीच्या कडेने त्यांना शेजारी बसवलं होतं. आणि B चालू असलेले आकडे फक्त पाच आणि सहा नाहीत. चार, पाच, सहा, सात, चारही आहेत. म्हणून चारच्या खाली रेघ आली आणि सातच्याही. आयसी बिचारा दिलेलं समीकरण तंतोतंत पाळत होता.

गंमत अशी की त्याच चुकीच्या कडेवर बाकीचे गोल बरोबर आले होते. दोन, तीनचा गोल B'C, आठ, नऊचा गोल A. दुसऱ्या एका बॅचने e साठी तीच चुकीची कड लिहिली होती आणि त्यांचं सर्किट बिनचूक चाललं. शून्य आणि दोनचे स्तंभ आता पहिला आणि तिसरा झाल्यामुळे कोपऱ्यांचा गोल त्यांना दिसलाच नव्हता. त्यांना मिळालं CD' + B'C'D', एका अक्षराने लांब पण खरं. चुकीच्या कडेचा धोका हाच आहे की ती प्रत्येक वेळी चुकवत नाही. कधी फक्त उत्तर लांबवते, कधी खोटं करते, आणि चौकटीकडे नुसतं पाहून यातलं काय झालंय ते कळत नाही.

कळायला एक साधी मोजणी पुरते. चार तारांच्या मॅपमध्ये एकट्या घराला चार अक्षरं, दोनच्या गोलाला तीन, चारच्या गोलाला दोन, आठच्या गोलाला एक. घरं दुप्पट झाली की अक्षर एकाने कमी. त्यांच्या गोलात चार घरं होती आणि हातात आलं होतं एकच अक्षर. तिथेच ब्रेक लागायला हवा होता. हे दाखवल्यावर त्या बॅचमधली एक मुलगी म्हणाली, "सर, मग हे गोलाच्या शेजारी लिहून ठेवायला काय हरकत आहे?" काहीच नाही. तेव्हापासून माझ्या झेरॉक्सवर प्रत्येक चौकटीखाली दोन छोटे रकाने असतात: घरं किती, अक्षरं किती.

आधी मी कडेचे आकडे छापूनच द्यायचो. वेळ वाचतो, चुका कमी होतात, तपासायलाही बरं. पण मग परीक्षेत कोऱ्या कागदावर चौकट काढायची वेळ आली की निम्म्या वर्गाचा हात मोजणीच्या क्रमाने जायचा. छापील कड पोरं वाचतच नव्हती, ती त्यांच्या लेखी चौकटीची नक्षी होती. आता चौकट पूर्ण कोरी असते. घरांतले १ चुकले तर मी अर्धा गुण कापतो, कड चुकली तर पुढचं तपासतच नाही. हे कठोर आहे असं स्टाफरूममध्ये मला ऐकवलं गेलं आहे. असेल.

आणि ही चूक काही पोरांनी शोधून काढलेली नाही. १९५२ मध्ये एडवर्ड वीच या अमेरिकी इंजिनियरने बूलियन समीकरणं सोपी करायला चौकटींचा तक्ता मांडला, तेव्हा त्याने घरं साध्या मोजणीच्या क्रमानेच लावली होती, ००, ०१, १०, ११. त्यामुळे काही जोड्या चिकटून यायच्या आणि काही एक घर सोडून, आणि कुठे उडी मारायची ते लक्षात ठेवावं लागायचं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, बेल लॅब्जमधल्या मॉरिस कार्नॉने क्रम बदलला. बाकी कल्पना जवळपास तीच. शेवटच्या दोन जोड्यांची अदलाबदल केली म्हणून आज सत्तरहून अधिक वर्षांनी तक्ता कार्नॉच्या नावाने ओळखला जातो. एका वेळी एकच आकडा बदलणारा हा क्रम त्याच बेल लॅब्जमधल्या फ्रँक ग्रेच्या नावाने ग्रे कोड म्हणून प्रसिद्ध आहे. कार्नॉ २०२२ मध्ये वारला, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन.

झेरॉक्सवरच्या सारणीत उत्तराच्या पुढे मी आणखी एक कोरा रकाना ठेवतो, पडताळ्याचा. मॅपवरून समीकरण मिळालं की ते पुन्हा सोळाही ओळींत घालून पाहायचं आणि मूळ उत्तराशी ताडायचं. जिथे ० आणि १ आहेत तिथे जुळलंच पाहिजे. रेघवाल्या बॅचने हा रकाना भरला असता तर चार आणि सातच्या ओळी तिथेच ओरडल्या असत्या, वायर कापायच्याही आधी. X च्या ओळींत जे येईल ते लिहायचं, आणि तिथे पोरांना जरा धक्का बसतो. e च्या समीकरणात दहा घातला तर १ येतो, बारा घातला तर ०, चौदाला पुन्हा १. आपण 'काहीही चालतंय' म्हणालो होतो, पण सर्किट 'काहीही' करू शकत नाही, त्याला काहीतरी एक करावंच लागतं. X गोलात घेतला तेव्हाच आपण तिथे १ लिहिला, आणि बाहेर ठेवला तेव्हा ०. म्हणून दहा ते पंधरा खरोखरच कधी येणार नाहीत याची खात्री असेल तरच X लिहावा. एखादी तार सैल झाली आणि बारा आत गेला तर खिडकीत काहीतरी अगम्य चिन्ह दिसेल. ७४४७ ला दहा ते चौदा दिले तर तो अशीच विचित्र चिन्हं दाखवतो. सीडी ४५११ नावाचा त्याच कामाचा दुसरा आयसी अशा वेळी सगळ्या पट्ट्या विझवून टाकतो. तिथे आखणाऱ्याने त्या सहा ओळींत X न लिहिता सरळ ० लिहिलेत.

दोन गोल एकमेकांवर चढले तर काही बिघडत नाही, उलट कधी कधी ते हवंच असतं. समजा X मिळालेच नसते आणि आपण e = A'CD' + B'C'D' असं लिहिलं असतं. त्यात शून्य एका गोलात आणि दोन दुसऱ्या गोलात. शून्यावरून थेट दोनवर जाताना फक्त C बदलतो. सरळ C लगेच पोचतो, पण C' नॉट गेटमधून येतो, आणि साध्या टीटीएल गेटला त्यासाठी सुमारे दहा नॅनोसेकंद लागतात. C उलट दिशेने, दोनवरून शून्यावर उतरताना एक गोल लगेच सुटतो आणि दुसरा अजून पकडायचा असतो. तेवढा क्षण पट्टी विझते. डोळ्याला हे दिसणं शक्यच नाही, पण तीच तार पुढच्या काउंटरला दिली असेल तर तो एक आकडा जास्त मोजेल. आपल्या उत्तरात मात्र शून्य आणि दोन दोघेही कोपऱ्यांच्या एकाच गोलात आहेत, आणि त्यात C चं नावच नाही. त्यामुळे हा खड्डा पडतच नाही.

चारपेक्षा जास्त तारा झाल्या की मॅप अडखळतो. पाच तारांना दोन चौकटी एकमेकींवर ठेवल्यासारख्या धराव्या लागतात, सहाला चार. त्यापुढे डोळा दमतो आणि १९५६ च्या सुमाराची क्वाइन–मॅक्लस्की ही यादीची पद्धत घ्यावी लागते, किंवा सरळ सॉफ्टवेअर. मला स्वतःला पाच तारांचा मॅप हा परीक्षकाचा खेळ वाटतो.

शेवटी पुन्हा ब्रेडबोर्डवर. D'(B' + C) बांधायला एक नॉट, एक ऑर, एक अँड असे तीन वेगळे आयसी घ्यायची गरज नाही. नॉर गेट वापरलं तर सगळं एका ७४०२ मध्ये मावतं. त्यात दोन तारांची चार नॉर गेटं असतात. पहिल्याच्या दोन्ही पायांना B दिला की B' मिळतो. दुसऱ्याला हा B' आणि C दिले की बाहेर येतं BC', म्हणजे सम आकड्यांत नेमकी चारची खूण. तिसऱ्याला ती आणि D दिले की मिळतं आपलं e. तीन गेटं संपली, चौथं रिकामं राहिलं. चार आयसींचं काम एका आयसीवर आलं.

त्या प्रॅक्टिकलला e वाल्या पोरांनी आधी लांबच्या समीकरणाचं सर्किट चालवून दाखवलं होतं. मग कोपऱ्यांचा गोल सापडल्यावर त्यांनी ते उपसून ७४०२ लावला, आणि पट्टी पेटेचना. मॅप तपासला, बरोबर. पडताळ्याचा रकाना तपासला, बरोबर. "सर, आता तरी आयसीच ना?" मी आयसीच्या पायांकडे बोट दाखवलं. ७४००, ७४०८, ७४३२ या सगळ्यांत पहिला आणि दुसरा पाय इनपुट असतो आणि तिसरा आउटपुट. ७४०२ मध्ये पहिलाच पाय आउटपुट आहे, इनपुट दुसरा आणि तिसरा. त्यांनी B ची तार सवयीने पहिल्या पायाला लावली होती.